सीझर सायफर मराठीत: बनवण्याच्या आणि फोडण्याच्या प्रकल्प नोंदी

१ जून

काम असं ठरलं आहे: देवनागरी मजकुरावर चालणारा सीझर सायफर लिहायचा, आणि मग किल्ली माहीत नसताना नुसती अक्षरं मोजून तो फोडायचा. इंग्रजी A ते Z वर हे करणारे प्रोग्रॅम पायलीला पन्नास मिळतात. देवनागरीत मात्र पहिल्याच पायरीला प्रश्न पडतो की सरकवायचं नक्की काय.

सायफर स्वतः अगदी साधा आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेत ठरावीक घरं पुढचं अक्षर लिहायचं. किती घरं, हीच किल्ली. शेवटचं अक्षर आलं की पुन्हा सुरुवातीपासून मोजायचं. सीझर स्वतः ३ घरं सरकवायचा, A साठी D लिहायचा, असं सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. किल्ली ३ धरली तर आपल्याकडे ‘नदी’चं ‘बपी’ होतं.

सरकवायची ती फक्त व्यंजनं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पायमोड आणि सुटे स्वर जागच्या जागी राहतील. काना एकटा उभा राहू शकत नाही. तो व्यंजनाच्या जागी जाऊन बसला तर निघालेला मजकूर धड लिहिताही येणार नाही. व्यंजनांची आपापसांतच अदलाबदल केली तर काहीतरी वाचता येण्याजोगं उरतं, भले त्याला अर्थ नसो. क पासून ह पर्यंत ३३ आणि ळ मिळून ३४ व्यंजनं. म्हणजे उपयोगाच्या किल्ल्या ३३.

२ जून

पहिली आवृत्ती युनिकोडच्या क्रमावर विसंबून लिहिली. अक्षराचा कोडपॉइंट घ्यायचा, त्यात किल्ली मिळवायची, जे अक्षर येईल ते लिहायचं. इंग्रजीत हे चालतं, इथे दोन ठिकाणी मोडलं.

किल्ली १ ठेवून ‘वन’ दिलं. यायला हवं होतं ‘शप’, आलं ‘शऩ’. युनिकोडच्या तक्त्यात न नंतर लगेच प नाही, मध्ये नुक्ता असलेला ऩ बसवलेला आहे. तसाच र च्या पुढे ऱ आहे आणि ळ च्या पुढे ऴ. क ते ह या पट्ट्यात ३४ नव्हे, ३७ घरं आहेत.

दुसरी मोडतोड याहून वाईट. किल्ली ५ ठेवून ‘हे’ दिलं तर एकही व्यंजन आलं नाही, नुसता काना आणि त्यावर मात्रा. ह पट्ट्यात शेवटचा आहे आणि त्याच्या पुढे पाच घरं मोजली की थेट काना लागतो. इथे गोष्ट दिसण्यावर भागत नाही. उलगडताना प्रोग्रॅम काना बघतो, हे व्यंजन नाही म्हणतो आणि तसाच सोडून देतो. मूळचा काना कोणता आणि ह चा झालेला काना कोणता हे कळायला काही मार्गच उरत नाही. मजकूर कायमचा गेला.

ही टोकाची अडचण जुनीच आहे. ऑगस्टस एकच घर सरकवायचा, पण शेवटच्या X नंतर वळून A वर यायच्या ऐवजी AA लिहायचा, हेही सुएटोनियसनेच नोंदवलं आहे. कागदावर ते चालून जातं. प्रोग्रॅममध्ये वळण हवंच.

४ जून

युनिकोडचा क्रम सोडून दिला आणि वर्णमाला स्वतः लिहून घेतली:

```python
V = "कखगघङचछजझञटठडढणतथदधनपफबभमयरलवशषसहळ"

def sarkav(s, k):
    out = ""
    for c in s:
        i = V.find(c)
        out += c if i < 0 else V[(i + k) % 34]
    return out
```

उलगडायला हेच फंक्शन, किल्ली उणे करून. `% 34` मुळे वळण आपोआप मिळतं.

ळ कुठे ठेवायचा यावर अर्धी संध्याकाळ गेली. शाळेत आपण ह नंतर ळ म्हणतो, युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढे आहे. चूक-बरोबर असं काही नाही, पण पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा क्रम एकच हवा. एका मैत्रिणीने तिच्याकडे ळ ला ल शेजारी बसवला होता. तिचा चाचणी मजकूर माझ्याकडे अर्धवट उलगडला: काही शब्द चोख, काहींमध्ये मध्येच एखादं अक्षर भलतंच. असं झालं तर किल्ली तपासत बसू नका. किल्ली चुकली की एकही शब्द धड येत नाही. थोडं बरोबर आणि थोडं चूक आलं तर वर्णमालेचा क्रम तपासा. बिघाड व श ष स ह ळ यांच्याशी संबंध आलेल्या अक्षरांपुरताच असेल.

राहता राहिला ‘दुसऱ्या’तला ऱ. तो माझ्या ३४ मध्ये नाही, त्यामुळे न सरकता तसाच बाहेर पडतो. मराठीत ऱ् च्या पुढे बहुतेक य किंवा ह येतो (दुसऱ्या, कुऱ्हाड), म्हणजे त्याच्या शेजारचं अक्षर पाहूनच किल्ली दोन पर्यायांवर येते. शिवाय काही कीबोर्ड हाच चंद्रकोरीसारखा र साध्या र ला पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून टाइप करतात, तेव्हा एकच शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. सरकवण्याआधी दोन्हींचा साधा र् करून टाकला. याने ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक पुसला जातो, स्वयंपाकी आणि गुरू एक होतात. या प्रकल्पापुरतं ते चालेल.

७ जून

मैत्रिणीने क्रम जुळवून घेतला आणि एक खरा निरोप पाठवला. किल्ली सांगितलेली नाही.

```
उव्गा झठाटी ङचठघ षिणागथं बघङं आञे. साचझाथा अंवाध
णेऊष झढट्गांषी झोळर दर्घी बेचाची. चाफेर षवीथा सूङ
ङाढेङ, रिले लांळूष ळाठीथ्गांथी चाफ साञागथी. भोंढघाथा
घझ्रा षिझघभा आञे, ख्ञयूष थसङा णाङूष गेऊ षगे.
```

३३ किल्ल्या एकामागून एक लावून पाहिल्या तर हा आत्ता सुटेल, हे मला माहीत आहे. पण तसं करायचं नाही असं ठरलं आहे, कारण मग मोजणीची गरजच कळत नाही. त्यामुळे आज फक्त मोजणी:

```python
from collections import Counter
n = Counter(c for c in gupt if c in V)
for c in V:
    print(c, "#" * n[c])
```

आकडे असे आले:

```
क0 ख1 ग7 घ6 ङ7 च6 छ0 ज0 झ6 ञ4 ट2 ठ3
ड0 ढ3 ण3 त0 थ8 द1 ध1 न0 प0 फ2 ब2 भ2
म0 य1 र5 ल2 व3 श0 ष9 स4 ह0 ळ3
```

एकूण ९१ व्यंजनं. नुसतं वाचलं तरी मजा येते. ङ सात वेळा, झ सहा वेळा, आणि न, त, ह, म यांपैकी एकही नाही. असा मराठी मजकूर कुणी लिहून दाखवावा.

मोजताना जोडाक्षरांचा विचार दिसण्यावरून करू नका. ‘दर्घी’मध्ये रफार दिसतो, पण तो र आहे आणि त्याची मोजणी र मध्येच व्हायला हवी. सरकवल्यामुळे जोडाक्षरांची रूपं बदलतात; जिथे आधी रफार नव्हता तिथे येतो, होता तिथून जातो. अक्षरं डोळ्यांनी मोजली तर हमखास घोळ होतो. कोडपॉइंट मोजले की रूपाशी काही देणंघेणं राहत नाही.

८ जून

सगळीकडे पहिली युक्ती हीच सांगतात: गुप्त मजकुरात सगळ्यात जास्त वेळा आलेलं अक्षर घ्या आणि ते भाषेतल्या सगळ्यात जास्त येणाऱ्या अक्षराशी जुळवा. इंग्रजीत हे अक्षर E. साधारण १०० अक्षरांमागे १२ ते १३ E असतात आणि दुसऱ्या क्रमांकाचा T बराच मागे, त्यामुळे युक्ती बऱ्याचदा लागू पडते.

मराठी व्यंजनांत असा एकटा राजा नाही. तुलनेसाठी माझ्या जुन्या लेखनातला बराच मजकूर एकत्र करून मोजला. त आणि र कायम वरच्या चार-पाचांत असतात, पण त्यांच्या अगदी पाठीला न, य, ल, क, व, च, स लागलेले असतात. विषय बदलला की क्रम बदलतो. नियम आणि सूचना सांगणाऱ्या मजकुरात च आणि न फुगतात, गोष्ट सांगताना त आणि ल.

तरी करून पाहिलं. निरोपात सर्वात वर ष आहे, ९ वेळा. ष म्हणजे मूळ त असं धरलं तर किल्ली १५ येते आणि पहिले तीन शब्द निघतात ‘उढ्फा लषाशी भमषब’. ष म्हणजे र धरलं तर किल्ली ४, आणि निघतं ‘उम्हा ङजाछी’. दोन्ही वेळा कचरा.

पहिलं अक्षर चुकलं तर दुसरं, तिसरं असं करत पुढे जाता येतं आणि कधीतरी सुटतंच. पण ही अटकळ झाली. आपण ३४ आकडे मोजले आणि त्यातला एकच वापरला, बाकीचे ३३ टाकून दिले, हे मला पटेना.

९ जून

आज मार्ग सापडला.

सीझरमध्ये प्रत्येक अक्षर सारखंच सरकतं. म्हणजे मोजणीचा पूर्ण आलेख, त्याच्या चढउतारांसकट, जसाच्या तसा बाजूला सरकतो. उंच खांबाशेजारी कोणता खांब होता ते बदलत नाही. तेव्हा एकटं शिखर शोधण्यापेक्षा आलेखाचा आकार ओळखावा.

मराठीचा आकार कसा आहे? तुलनेचा मजकूर वर्णमालेच्या क्रमाने मांडला आणि दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरल्या. छ ज झ ञ ट ठ ड ढ या सलग आठ घरांत दरी आहे. त्यात ज, ट आणि ड तेवढे बरे दिसतात, बाकीचे नावापुरते. (ञ शून्य असेल असं वाटलं होतं, तसा तो नाही. ‘ज्ञान’मधला ज्ञ म्हणजे ज ला पायमोड आणि पुढे ञ, म्हणून तो तिथून डोकावतो.) दुसरी गोष्ट म्हणजे टेकडी: य र ल व हे चौघे एकमेकांना लागून आणि चौघेही उंच, आणि त्यांच्या पुढे लगेच श, ष चा खड्डा. इंग्रजीतही असंच काहीसं आहे. R, S, T शेजारी शेजारी उंच आणि टोकाला X, Y, Z सखल.

आता निरोपाचे आकडे पुन्हा बघा. ग घ ङ च: ७, ६, ७, ६. चार घरांत ९१ पैकी २६ अक्षरं. त्यांच्या पुढे छ आणि ज दोन्ही शून्य, मग झ एकदम ६. टेकडी, खड्डा, पुन्हा चढ. ही य र ल व, श ष, स असली पाहिजे. य चा ग झाला असेल तर किल्ली ११.

डोळ्यांनी दिसलं, पण प्रोग्रॅमनेही तेच सांगायला हवं. आधी फक्त दरी वापरली. प्रत्येक किल्लीसाठी छ ते ढ जिथे सरकतील त्या आठ घरांतली बेरीज काढायची, आणि ती सर्वात कमी असेल ती किल्ली. निकाल बरोबरीत आला: किल्ली ११ ला ८ आणि किल्ली १२ लाही ८. कारण ढ च्या पुढचा ण या निरोपात एकदाच आला आहे, म्हणून दरी एका घराने लांब दिसते. दरीची व्याख्या ण पर्यंत ओढली तर बरोबरी सुटते, मी करूनही पाहिलं. पण ते उत्तर बघून प्रश्न लिहिल्यासारखं होतं. ‘आणि’, ‘म्हणून’, ‘पण’ यांमुळे मराठीत ण काही दुर्मीळ नाही. पुढच्या निरोपात हा बदल अंगाशी आला असता.

म्हणून दरी आठ घरांचीच ठेवली आणि टेकडी जोडली:

```python
def gun(k):
    tekdi = sum(n[V[(25 + j + k) % 34]] for j in range(4))
    dari = sum(n[V[(6 + j + k) % 34]] for j in range(8))
    return tekdi - dari

print(sorted(range(34), key=gun, reverse=True)[:3])
```

उत्तर `[11, 12, 10]`. गुण अनुक्रमे १८, ११ आणि ५. शंकेला जागा नाही. `sarkav(gupt, -11)` चालवलं:

उद्या सकाळी लवकर निघायचं ठरलं आहे. पावसाचा अंदाज घेऊन सगळ्यांनी सोबत छत्री ठेवावी. वाटेत नदीचा पूल लागेल, तिथे थांबून बाकीच्यांची वाट पाहायची. डोंगराचा रस्ता निसरडा आहे, म्हणून चपला घालून येऊ नये.

कालची युक्ती का फसली तेही आता कळतं. ष म्हणजे न होता. ‘घेऊन’, ‘थांबून’, ‘म्हणून’, ‘घालून’, शेवटी ‘नये’: सूचनांचा निरोप असल्याने न नऊ वेळा आला आणि त पाचावरच थांबला. शिखर कुणाचं होईल ते मजकुराच्या विषयावर अवलंबून होतं, पण दरी आणि टेकडी विषयाला फारशा जुमानत नाहीत. म्हणून आकार टिकला.

मोजणीने गुप्त मजकूर फोडण्याची पद्धत लिहून ठेवणारा सर्वात जुना ज्ञात माणूस अल-किंदी, नवव्या शतकातल्या बगदादचा. त्याने सांगितलेली कृतीही हीच: त्याच भाषेतला साधा मजकूर घ्या, अक्षरं मोजा, मग गुप्त मजकुरातली मोजा आणि दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा.

१२ जून

निरोप फुटल्याचं कळवल्यावर मैत्रीण म्हणाली, “मग मी दोनदा सरकवते. आधी ११, मग ९.” तिने पाठवलं, मी तेच `gun` चालवलं, किल्ली २० आली. दोन सरकवण्यांची बेरीज म्हणजे एकच सरकवणं. दोन कुलपं लागतच नाहीत. तिसऱ्या खेपेला तिने ११ आणि २३ घेतले आणि निरोप पाठवण्याआधीच हसायला लागली, कारण ३४ घरं सरकून सगळी अक्षरं मूळ जागी परत आली होती.

मग तिने शब्दांमधली जागा, विरामचिन्हं आणि सगळे काने-मात्रे काढून टाकले. ही सूचना मात्र बिनबुडाची नव्हती. ७ तारखेचा निरोप नीट पाहिला तर एकही अक्षर न मोजता तो सुटतो. ‘आञे’ दोनदा आलं आहे, एकदा पूर्णविरामाआधी आणि एकदा स्वल्पविरामाआधी. आ, मग कुठलंतरी व्यंजन, त्यावर मात्रा, आणि वाक्याचा शेवट. मराठी येणाऱ्याला आणखी काय सांगायला हवं? ह चा ञ झाला, म्हणजे किल्ली ११, आणि किल्ली एकच असल्यामुळे एक अक्षर ओळखलं की उरलेली सगळी सुटतात. पहिला शब्द ‘उव्गा’ही तसाच: उ, जोडाक्षर, काना. काने-मात्रे उघडे ठेवण्याचा माझा १ जूनचा निर्णय लिहायला सोयीचा होता, तितकाच फोडणाऱ्याच्याही सोयीचा निघाला.

ते काढल्यावर ही वाट बंद झाली. मोजणीवर मात्र काडीचा परिणाम नाही. व्यंजनं तीच ९१, आकडे तेच, गुण तेच १८. वर अडचण झाली ती निरोप घेणाऱ्याची. उलगडल्यावर त्याच्या हातात ‘पल’ येतं आणि ते पूल, पाल की पोल हे त्याने ठरवायचं. निरोप अवघड झाला तो ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्यासाठी.

१५ जून

`gun` कुठे चुकतं ते शोधायला निरोपाचे तुकडे करून चालवलं.

पहिलं वाक्य, फक्त १७ व्यंजनं: किल्ली ११ ला ६ गुण, तिच्या मागे १० आणि १२ ला प्रत्येकी ४. थोडक्यात का होईना, बरोबर.

दुसरं वाक्य त्याहून मोठं, २२ व्यंजनांचं. तिथे किल्ली १४ पहिली आली, ३ गुणांनी. खऱ्या ११ ला फक्त २, आणि तेही १२ शी बरोबरीत. कारण उघड आहे. ‘अंदाज’मधला ज, ‘छत्री’मधला छ आणि ‘ठेवावी’मधला ठ असे तिघे एकाच वाक्यात दरीत जाऊन बसले, आणि टेकडीत ल एकदाही आला नाही. म्हणजे अक्षरांची संख्या ही एकटी हमी नाही. थोड्या मजकुरात दोन-तीन शब्द आकार बिघडवायला पुरतात. चुकलं हे कसं कळतं? पहिल्या दोन क्रमांकांच्या गुणांत किती अंतर आहे ते पाहा. पूर्ण निरोपात ते ७ होतं, इथे १. अंतर असं चिमुकलं दिसलं की वरच्या पाच-सहा किल्ल्या लावून प्रत्येकीचा एकेक शब्द वाचायचा. किल्ली १४ ने ‘पावसाचा’च्या जागी ‘दायवागा’ दिलं, तिथेच ती बाद झाली.

याच्याही खाली गेलं की सगळ्या ३३ किल्ल्या तपासूनही भागत नाही. काने-मात्रे नसलेला दोन अक्षरी निरोप घ्या: ‘खष’. किल्ली ११ ने त्याचं ‘मन’ होतं. किल्ली ४ ने ‘सर’. १५ ने ‘पत’. २० ने ‘तट’. चारही खरे मराठी शब्द, आणि पाठवणाऱ्याच्या मनात कोणता होता हे गुप्त मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही. म आणि न यांच्यात वर्णमालेत जितकं अंतर आहे तितकंच स आणि र, प आणि त, त आणि ट यांच्यातही आहे, म्हणून हे घडतं. सीझर सायफर खरोखर काही लपवतो तो इतक्या लहान निरोपातच.

१८ जून

शेवटचा प्रयोग. सरकवण्याऐवजी वर्णमाला पिसून टाकली: `random.shuffle` ने ३४ अक्षरांचा भलताच क्रम बनवला, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी त्या क्रमातलं अक्षर लिहिलं. किल्ल्यांची संख्या ३३ वरून थेट ३९ अंकी होते.

तोच निरोप असा लपवून `gun` चालवलं. निकाल निरर्थक, आणि तसाच यायला हवा होता. खांबांच्या उंची त्याच आहेत, ९, ८, ७, ७, ६, पण शेजार मोडला. दरी नाही, टेकडी नाही. अल-किंदीची याद्या समोरासमोर ठेवण्याची कृती अजून चालू शकते, फक्त आता प्रत्येक खांब सुटा ओळखावा लागतो, आणि ९१ अक्षरांत ७ चे दोन आणि ६ चे तीन खांब आहेत. त्यातला य कोणता आणि ल कोणता हे उंचीवरून ठरत नाही. इथे जास्त मजकूर लागतो, आणि सुट्या अक्षरांबरोबर जोड्याही मोजाव्या लागतात: कोणतं अक्षर कोणाच्या मागे येतं, पायमोडाखाली कोण असतं.

सीझरमध्ये ‘आहे’ ओळखलं की सगळा निरोप हातात येत होता. इथे ‘आहे’ ओळखल्यावर फक्त ह सुटला, बाकीची ३३ जागच्या जागी. काने-मात्रे उघडे ठेवून ‘आणि’, ‘म्हणून’, ‘उद्या’ असे साचे शोधणारा कोड वेगळ्या फाइलमध्ये सुरू केला आहे. त्याच्या नोंदी तिथेच ठेवेन, इथला `gun` त्यासाठी उपयोगाचा नाही.